ओव्हनचा आकडा खरा किती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: केक १८० अंशांवर पस्तीस मिनिटांत व्हायला हवा, पण पन्नास मिनिटं ठेवला तरी मधे कच्चाच राहतो. थर्मोस्टॅट गेलाय का?

गेलाय असं लगेच धरून चालू नका, आधी मोजा. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मधल्या जाळीवर, बरोबर मध्यभागी ठेवा. रॉडच्या अगदी जवळ ठेवलात तर तो हवेऐवजी रॉडची थेट धग मोजेल. बटण १८० वर लावा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला, असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात तेव्हा सेन्सरपाशी असलेली हवा तापलेली असते, भिंती अजून तापायच्या असतात. म्हणून दिवा विझल्यावर आणखी वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या, आणि मग दार न उघडता काचेतूनच आकडा वाचा.

एकच आकडा पाहून काही ठरवू नका. थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत राहतो, त्यामुळे तापमान सतत वरखाली होत असतं. तीन-चार फेऱ्यांमधला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा लिहून घ्या. समजा, तो १५० ते १७० मध्ये फिरतोय. मग सरासरी १६० झाली, म्हणजे तुमचा ओव्हन २० अंशांनी थंड आहे. बटण २०० वर लावा आणि पुन्हा मोजा. सरासरी १८० च्या आसपास आली की तुमच्यासाठी २०० हीच १८० ची खूण. एकदा २२० वरही तपासा, कारण वर गेल्यावर फरक तेवढाच राहतो असं नाही.

फरक पाच-सात अंशांचा असेल तर सोडून द्या, स्वस्त थर्मामीटर स्वतःच तेवढा चुकू शकतो. काही डिजिटल ओव्हनमध्ये हा फरक सेटिंगमधून कायमचा भरून काढता येतो, त्यासाठी माहितीपुस्तिका बघा. पण आकडा दर वेळी वेगळाच येत असेल किंवा तापमान न थांबता चढतच जात असेल, तर मात्र थर्मोस्टॅट किंवा सेन्सर बदलावा लागेल. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

प्रश्न: थर्मामीटर बरोबर १८० दाखवतो. तरी बिस्किटं मागच्या उजव्या कोपऱ्यात करपतात आणि दाराशी पांढरी राहतात. असं का?

कारण तुम्ही मोजलंत ते मधलं तापमान, आणि बिघडतंय ते कडेला. हा बटण फिरवून सुटणारा प्रश्नच नाही. तापमान कमी केलंत तर मागची वाचतील, पण पुढची आणखी कच्ची राहतील.

जाळीवर पावाच्या स्लाइस एकमेकींना लागून पसरा आणि १८० वर दहा-बारा मिनिटं ठेवा. कुठे काळं, कुठे पांढरं, हा तुमच्या ओव्हनचा नकाशाच तयार होतो. दाराकडची ओळ सगळीच फिकट असेल तर दाराभोवतीची रबरी पट्टी बघा. ती फाटलेली किंवा कडक झालेली असेल तर तिथून गरम हवा निसटते.

ट्रेही तपासा. भिंतीला टेकेल इतका मोठा ट्रे हवेची वाट अडवतो. चारही बाजूंनी दोन-तीन बोटं जागा हवी. आणि तरीही मागचा कोपरा गरमच राहिला, तर दोन तृतीयांश वेळ झाल्यावर ट्रे फिरवा, मागची बाजू पुढे. केकच्या बाबतीत ही घाई करू नका, मध्यभाग धरायच्या आधी हलवलात तर तो बसतो.

प्रश्न: तळ करपतो आणि वरून पिवळट राहतं. जाळी कुठे लावायची?

पंखा बंद असताना खालचा रॉड तळाला थेट धग देतो. जाळी जितकी खाली, तितकी ती जास्त. मोजमाप जाळीचं नको, पदार्थाचं धरा: पदार्थाचा मधला भाग ओव्हनच्या मध्यावर यायला हवा. म्हणून उंच केकसाठी जाळी एक खाच खाली आणि पसरट बिस्किटांसाठी मधोमध. काळं भांडं चकचकीत भांड्यापेक्षा उष्णता जास्त शोषतं, तेव्हा आधी भांडं बदलून बघा. एवढं करूनही वरची बाजू फिकटच राहिली तर ग्रिल लावून पाहा. वरचा रॉड पूर्ण लाल होत नसेल तर दोष तिथे आहे.

प्रश्न: पंखा लावला की केक एका बाजूला कलतो. मग पंखा कशासाठी?

पंखा गरम हवा पदार्थाच्या पृष्ठभागावर फिरवत ठेवतो, त्यामुळे त्याच आकड्यावर भाजणं जलद होतं. म्हणून पाककृतीतला आकडा बिनपंख्याचा असेल तर २० अंश कमी करा. दोन जाळ्यांवर बिस्किटं एकदम भाजायची असतील तर पंखा हवाच. पातळ पिठाच्या केकला मात्र तो सोसत नाही: वरची साय लवकर धरते, आतलं पीठ अजून फुगत असतं आणि झोताने ते एकीकडे ढकललं जातं. तो केक पंख्याविना, वरच्या-खालच्या दोन्ही रॉडवर करा. तुमच्या ओव्हनचा पंखा बंदच होत नसेल, तर भांडं पंख्यापासून शक्य तितकं दूर ठेवा.