एडटेकमधली काउन्सेलरची ऑफर: टार्गेटच्या आधी लीड कुठली मिळणार ते विचारा

"एमएस्सी झालंय, शिकवायला आवडतं. एका एडटेक कंपनीने अकॅडमिक काउन्सेलरची ऑफर दिलीये. रोज 2 तास टॉकटाइम आणि महिन्याला 12 अॅडमिशन असं टार्गेट आहे. एचआर म्हणते सगळे करतात. खरंच होतं का? की ट्युटर नाहीतर कंटेंट रायटरसाठी अप्लाय करू?"

काउन्सेलर हे नाव असलं तरी काम सेल्सचं आहे, हे आधी पक्कं धरा. सेल्स वाईट असं मी म्हणत नाही, मी स्वतः काउन्सेलर होते आणि नंतर टीमही सांभाळलीये, पण मुलाला कुठला विषय झेपेल ते बघून सल्ला देणं हा दिवसातला फार छोटा भाग असतो. बाकी दिवस डायलरवर, म्हणजे एकामागून एक फोन लावण्यात जातो.

आता ते 2 तास. ऐकायला किरकोळ वाटतात, कारण शिफ्ट 9 तासांची असते. पण टॉकटाइम म्हणजे समोरच्याने फोन उचलल्यापासून ठेवेपर्यंतचाच वेळ. रिंग वाजते तो वेळ धरत नाहीत, न उचललेल्या फोनचं काय झालं याची नोंद, म्हणजे डिस्पोझिशन, सीआरएम सॉफ्टवेअरमध्ये टाकता तो वेळही धरत नाहीत. समजा लीड, म्हणजे चौकशी केलेल्या पालकाचा नंबर, ताजी आहे, पालकाने काल-परवाच फॉर्म भरलाय, आणि 4 पैकी 1 जण फोन उचलतो. 80 फोन लावले की 20 उचलले जातात, 60 नाही. न उचललेल्या प्रत्येकाला रिंग आणि नोंद मिळून 1 मिनिट, झाला 1 तास. 20 जणांशी मिळून 2 तास बोलणं, मग नोट्स, व्हॉट्सअॅपवर माहिती, फॉलोअपची वेळ टाकणं यात आणखी 1 तास, सकाळची हडल आणि संध्याकाळचा रिव्ह्यू 1 तास. 5 तासांत बसलं. म्हणजे एचआर खोटं बोलत नाहीये, ताज्या लीडवर टॉकटाइम होतो.

पण ताजी लीड बहुतेक ठिकाणी आधी जुन्या आणि वरच्या नंबरच्या काउन्सेलरकडे जाते. नवीन माणसाला मिळते ती रिसायकल झालेली, आधीच दोन-तीन जणांनी फोन केलेली, कधी कधी तर मुलगा ती परीक्षा देऊनही मोकळा झालेला असतो. अशा लीडवर 10 पैकी 1 जण उचलतो आणि तोही "नको सांगितलं ना" म्हणून ठेवून देतो, त्यामुळे 2 तास भरायला 20 नाही, 40 जण उचलावे लागतात. त्यासाठी 400 फोन, त्यातले 360 न उचललेले, म्हणजे नुसत्या रिंगमध्येच 6 तास गेले. बोलण्याचे 2, नोट्सचा 1, मीटिंगचा 1 धरला तरी 10 तास होतात, आणि यात जेवण नाही. टार्गेट जुन्या-नव्या दोघांना सारखंच, फक्त लीडची बकेट वेगळी. म्हणून मग लोक आपल्याच दुसऱ्या नंबरवर फोन लावून चालू ठेवतात, कॉल ऑडिटमध्ये पकडले जातात आणि नोकरी जाते. ज्या टीममध्ये असं वारंवार होतं तिथे टार्गेटचं गणितच बसत नाही असं खुशाल समजा.

12 अॅडमिशनचं गणित याहून कडक आहे. महिन्याचे 24 दिवस धरा. रोज दोन डेमो ठरतात, त्यातला एकच प्रत्यक्षात होतो, कारण एका घरचे जॉइनच होत नाहीत. झाले 24 डेमो. त्यातून 12 आणायचे म्हणजे दर दुसऱ्या घराने हो म्हणायला हवं. मी पाहिलेले चांगले काउन्सेलर नीट समजावून, घाई न करता 4 पैकी 1 आणायचे, म्हणजे 6. उरलेले 6 ओढून आणावे लागतात, आणि खरं प्रेशर तिथे सुरू होतं.

ओढून आणणं म्हणजे काय ते सांगते. आई म्हणते, यांना विचारून उद्या कळवते. ऑब्जेक्शनच्या शीटमध्ये याचं उत्तर तयार असतं: "नक्की विचारा मॅडम, आत्ता घरी असतील तर त्यांना कॉलवर घेऊ का? ही सवलत आज रात्रीपर्यंतच आहे." सवलत उद्याही असते. मग थोडी टोकन रक्कम भरून घ्यायची आणि बाकीचं "सोप्या हप्त्यांत" करून टाकायचं. हा हप्ता पुष्कळदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतो, पैसे एडटेककडे आधीच पोचतात आणि पालक कर्जदार होतो, पण घाईत ओटीपी सांगताना हे त्याच्या लक्षात येत नाही. दोन महिन्यांनी मुलगा क्लासला बसेनासा झाला तरी हप्ता कापला जातो आणि फोन तुम्हालाच येतो. कर्ज हा शब्द स्पष्ट न उच्चारता अॅडमिशन घेणं मला कधीच पटलं नाही, माझ्या टीमला मी तो उच्चारायलाच लावायचे, आकडे पडले तरी.

आणि असे 12 झाले तरी ते तुमचे राहतात असं नाही. रिफंडच्या मुदतीत 4 जणांनी कॅन्सल केलं तर ते पुढच्या महिन्यातून वजा होतात, इन्सेंटिव्ह मिळालेला असेल तर तोही परत कापतात. म्हणजे पुढच्या महिन्याचं टार्गेट कागदावर 12 पण करायचे 16. महिनाअखेरीला जेवढी ओढाताण जास्त तेवढी कॅन्सलेशन जास्त, आणि हे चक्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माणसाला बाहेर काढतं.

त्यामुळे सही करण्याआधी एचआरला नाही, ज्याच्या हाताखाली काम करणार त्या मॅनेजरला ईमेलवर विचारा: नवीन माणसाला रोज ताज्या लीड किती, मागच्या महिन्यात टीममधल्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं, अॅडमिशन ग्रॉस मोजता की रिफंड वजा करून, आणि ट्रेनिंगच्या काळात सेल आणला नाही तर नेमणूक होते का. शेवटचा प्रश्न टाळू नका, काही ठिकाणी पहिला सेल येईपर्यंत तुम्ही फक्त स्टायपेंडवर असता. लेखी उत्तर न देता "जॉइन झाल्यावर कळेल" म्हणाले तर मी तिथे जाणार नाही. पगाराचं गणितही फक्त फिक्स्ड भागावर करा, व्हेरिएबल शून्य धरून.

कंटेंट रायटरबद्दल थोडक्यात. रोज 20 प्रश्न सोल्यूशनसकट असं टार्गेट असेल तर 8 तासांत एका प्रश्नाला 24 मिनिटं मिळतात. त्यात प्रश्न, चकवणारे पण चुकीचे तीन पर्याय, पायऱ्यांसकट उत्तर, आकृती, चॅप्टर आणि काठिण्यपातळीचे टॅग. हे कसंबसं जमतं, पण रिव्ह्यूअरने परत पाठवलेले प्रश्न दुरुस्त करायचा वेळ मोजत नाहीत, म्हणून रिजेक्शन किती टक्के असतं ते विचारा.

तुम्हाला शिकवायला आवडतं तर ट्युटरसाठीच अप्लाय करा, फक्त तिथेही दोन गोष्टी तपासा. वन-टू-वन क्लास देणाऱ्या काही कंपन्या डेमो क्लासनंतर किती मुलांनी फी भरली हे ट्युटरच्या नावावर लावतात, म्हणजे तुम्ही चांगलं शिकवलंत पण घरच्यांना फी परवडली नाही तरी रेटिंग तुमचं पडतं. आणि मूल आलंच नाही तर त्या स्लॉटचे पैसे मिळतात का ते बघा, कारण मुलं संध्याकाळीच मोकळी असतात, चार-पाच तासांचीच कमाईची वेळ असते आणि त्यातले दोन स्लॉट रिकामे गेले की दिवस गेला. नो-शोचे निम्मे तरी पैसे देणारी आणि डेमोचं कन्व्हर्जन ट्युटरच्या गळ्यात न मारणारी कंपनी मिळाली तर काउन्सेलरपेक्षा फिक्स्ड थोडा कमी असला तरी घ्या.