‘एक्सेप्ट’ आणि ‘लीस्ट लाइकली’ प्रश्नांत ऑप्शन कसे कापायचे

प्रश्न: "दादा, इंटर्नशिप चालू आहे, नीट पीजीची तयारी करतोय. विषय येत असतो तरी एक्सेप्ट आणि लीस्ट लाइकलीवाले प्रश्न चुकतात. शेवटी दोन ऑप्शन उरतात आणि नेमका चुकीचा टिक होतो. काय करू?"

साध्या प्रश्नात आपण एक खरा ऑप्शन शोधतो आणि तीन खोटे कापतो. एक्सेप्टमध्ये हे उलटं होतं: कापायचे असतात ते तीन ऑप्शन खरे असतात. पेपर काढणारा त्यातला एक तरी असा निवडतो की जो खरा असूनही आपल्याला खोटा वाटावा. म्हणून "वेगळा कोणता दिसतो?" असं विचारत बसू नकोस. स्टेममधला ‘एक्सेप्ट’ शब्द बाजूला ठेव, प्रत्येक ऑप्शन पूर्ण वाक्य करून वाच आणि मनात ‘खरं’, ‘खोटं’ किंवा ‘माहीत नाही’ असा शिक्का मार. तीन खरे पक्के झाले की चौथ्याबद्दल काही माहीत नसलं तरी तोच टिक कर. मी स्वतः पहिल्या दोन ग्रँड टेस्टमध्ये ऑप्शन अ खरा दिसला की तोच टिक करून पुढे जात होतो. शिक्के मारायला लागल्यावर ते थांबलं.

दोन ऑप्शन उरतात तेव्हा त्यांचं एकमेकांशी नातं बघ. दोन्ही एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगत असतील तर दोन्ही कापले जातात, कारण खोटा एकच असू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरे असूच शकत नसतील, तर उत्तर त्या दोघांतच आहे आणि बाकीचे दोन न वाचताही खरे ठरतात. मात्र ते खरंच विरुद्ध आहेत ना, हे नीट तपास. डायबेटिक कीटोॲसिडोसिसवरचा हा प्रश्न बघ: इन्सुलिन सुरू करण्याआधी पुढील सर्व आढळू शकतात, एक्सेप्ट. अ) सीरम पोटॅशियम वाढलेलं, ब) शरीरातलं एकूण पोटॅशियम कमी झालेलं, क) ॲनायन गॅप वाढलेला, ड) बायकार्बोनेट वाढलेलं. बरीच मुलं अ आणि ब यांच्यात अडकतात. पण इन्सुलिन नसल्याने आणि रक्तातली साखर पाणी बाहेर ओढत असल्याने पोटॅशियम पेशीतून रक्तात येतं, आणि त्याच वेळी लघवीवाटे वाहून जातं. त्यामुळे दोन्ही खरे आहेत. कीटोॲसिड बायकार्बोनेट खाऊन टाकतात, म्हणून उत्तर ड.

लीस्ट लाइकली थोडा वेगळा प्रकार आहे. तिथे चारही गोष्टी घडू शकतात, म्हणून खरं-खोटं करून भागत नाही. स्टेममधल्या त्याच पेशंटला धरून क्रम लावावा लागतो. समज, 26 वर्षांची बाई, वर्षभर पाळीत जास्त रक्तस्राव, हिमोग्लोबिन 8.2, एमसीव्ही 66. कोणता रिपोर्ट येण्याची शक्यता सर्वांत कमी? अ) फेरिटिन 6, ब) प्लेटलेट 5.2 लाख, क) आरडीडब्ल्यू 13 टक्के, ड) टीआयबीसी वाढलेली. ॲनिमियात प्लेटलेट कशाला वाढतील, असं म्हणून मुलं ब टिक करतात. पण लोह कमी असताना प्लेटलेट वाढणं ही ओळखीची गोष्ट आहे. क मात्र इथे बसत नाही. लोह हळूहळू संपतं तसतशा नव्या पेशी आधीच्यांपेक्षा लहान होत जातात, रक्तात जुन्या मोठ्या आणि नव्या लहान पेशींची सरमिसळ होते आणि आरडीडब्ल्यू वाढतो. एमसीव्ही इतका खाली आणि आरडीडब्ल्यू नॉर्मल, म्हणजे सगळ्याच पेशी सारख्या लहान. हे चित्र थॅलेसेमिया ट्रेटकडे जास्त झुकतं. लोहाच्या कमतरतेत आरडीडब्ल्यू नॉर्मल कधीच येत नाही असं नाही, म्हणूनच पेपर काढणाऱ्याने एक्सेप्ट न लिहिता लीस्ट लाइकली लिहिलं.

आता याच बाईला अनेक वर्षांचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, एवढी एकच ओळ स्टेममध्ये घाल. सूज असली की फेरिटिन वर जातं आणि टीआयबीसी खाली येते, त्यामुळे ड आता आधीसारखा खात्रीने कापता येत नाही. ऑप्शन तेच राहिले तरी क्रम हलतो. म्हणून ऑप्शन कापण्याआधी स्टेममधलं वय, किती दिवसांचा त्रास आणि सोबतचा आजार पुन्हा वाच.

नीट पीजीत बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला वजा 1 आहे. दोन ऑप्शन उरले असतील तर टिक करणंच फायद्याचं, सरासरी दीड मार्क हाती लागतो. शिक्क्यांत दोन ‘माहीत नाही’ आणि दोन ‘खरं’ असतील तर ‘माहीत नाही’पैकी एक घे. ओळखीचा खरा ऑप्शन शेवटच्या दहा सेकंदांत बदलून टिक करू नकोस. माझ्या वहीत अशा प्रश्नांची यादी सर्वांत लांब होती.