इंदूरच्या घरात हीट पंपचा वॉटर हीटर कोणाला परवडतो?

«इंदूरला आमचं सात माणसांचं घर आहे, तीन गीझर आहेत. हीट पंपचा वॉटर हीटर घ्या असं एकाने सुचवलं. तो चालतो कसा, आणि आमच्या घराला परवडेल का?»

वर्षभर रोज गरम पाणी लागत असेल तर परवडेल. फक्त थंडीपुरतं लागत असेल तर माझ्या मते घेऊ नका. असं का, ते यंत्राच्या कामातच दिसतं.

गीझरमध्ये विजेचीच उष्णता होते, म्हणजे एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते. हीट पंप विजेने पाणी तापवत नाही. तो हवेतली उष्णता उचलून टाकीत आणतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम इथे उलट्या दिशेने होतं. आतला वायू कमी दाबाखाली हवेपेक्षाही थंड असतो, म्हणून पंख्याने ओढलेल्या हवेतून तो उष्णता घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तसा तो पाण्यापेक्षा गरम होतो आणि टाकीभोवतीच्या नळीत आपली उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रव होतो. पुढे एका बारीक झडपेतून त्याचा दाब उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात जाते.

हे प्रमाण कायम राहत नाही. हवा जितकी थंड आणि पाणी जितकं जास्त तापवायचं, तितकं ते घसरतं. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो, पण दुपारी हवा चांगली उबदार असते. म्हणून टायमर लावून यंत्र दुपारी 12 ते 4 चालवायचं. टाकीला जाड आवरण असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी थोडंच उतरलेलं असतं. तापमान 50 ते 55 अंशांवर ठेवा आणि जंतूंसाठी अधूनमधून 60 च्या वर जाऊ द्या. सतत 65 वर ठेवलंत तर फायदा कमी होतो.

आता तुमचं घर घेऊ. थंडीत माणशी दोन बादल्या कोमट पाणी धरलं तर सात जणांचं साधारण 250 लिटर होतं. 55 अंशांचं पाणी त्यात जेमतेम 150 लिटर जातं, बाकी गार मिसळतं. भांडी-स्वयंपाकाचं धरून 200 लिटर. नळाचं पाणी 18 अंशांचं असेल तर ते 55 पर्यंत न्यायला साडेआठ युनिट लागतात. हीट पंपला सुमारे तीन. रोजची बचत साडेपाच युनिट, आणि युनिटला 7 रुपये धरले तर 38 रुपये. चार महिन्यांचे झाले साडेचार हजारांच्या वर थोडे.

गीझरपेक्षा यंत्र 70,000 रुपयांनी महाग पडलं असं समजा. फक्त थंडीपुरतं वापरलंत तर पैसे वसूल व्हायला पंधरा वर्षं लागतील, तोवर यंत्रच म्हातारं होईल. पण घरात सांधेदुखीची आजी असेल, बाळंतीण असेल, सगळे बाराही महिने गरम पाण्यानेच आंघोळ करत असतील, तर उरलेल्या आठ महिन्यांतही दिवसाला वीसेक रुपये वाचतात आणि हिशेब सात-साडेसात वर्षांवर येतो. भाड्याच्या खोल्या किंवा छोटं रुग्णालय असेल तर त्याहून लवकर. गच्ची तुमचीच, मोकळी आणि उन्हाची असेल तर मात्र आधी सोलरचा भाव घ्या. इंदूरच्या उन्हात पावसाळा सोडला तर तो बिनविजेचं काम करतो. गच्चीवर हक्क नसलेल्या फ्लॅटसाठी हीट पंप जास्त सोयीचा.

जागेकडे नीट लक्ष द्या. यंत्र थंड हवा बाहेर फेकतं आणि त्यातून पाणीही ठिबकतं, त्यामुळे त्याला निचरा लागतो. अरुंद डक्टमध्ये बसवलं तर स्वतःचीच थंड हवा परत ओढून घेतं. जाळीवर बर्फ धरू लागला आणि टाकी तापायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू लागला, तर आधी हेच कारण तपासा. बोअरिंगचं जड पाणी असेल तर टाकीतली झिजणारी मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी तपासून घ्या, ती संपली की टाकी गंजते.

अशा बहुतेक टाक्यांत मदतीला विजेची कॉइलही असते. ती गुपचूप चालू राहिली तर सगळा फायदा जातो. यंत्रापुरतं मीटर लावा. 200 लिटरचं यंत्र साधारण एक किलोवॅटच्या आत वीज ओढतं. दोनच्या वर आकडा दिसला तर कॉइल चालू आहे, ती सेटिंगमधून बंद करा.