उष्णता नेमकी कशावर? अन्नशास्त्राच्या पेपरातले चुकीचे पर्याय बाद करताना

प्रश्न: अन्नतंत्रज्ञानाच्या परीक्षेत दोन पर्याय सहज बाद होतात, पण उरलेले दोन्ही बरोबरच वाटतात आणि मी नेमका चुकीचा निवडतो. असे फसवे पर्याय कसे ओळखावेत?

मी अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांची गेट आणि नेटसाठी तयारी करून घेतो. त्या अनुभवावरून सांगतो, की सर्वाधिक गुण उष्णता-प्रक्रियेच्या प्रश्नांत जातात. या प्रश्नांतला फसवा पर्याय बहुधा धादांत खोटा नसतो. ते दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाचे खरे उत्तर असते. म्हणून विधान खरे की खोटे हे तपासण्याआधी ते कशाबद्दल आहे हे ठरवावे: जिवंत जिवाणू, त्याचा बीजाणू, त्याने अन्नात सोडलेले विष, की अन्नातले विकर. या चौघांची उष्णता सोसण्याची ताकद अगदी वेगवेगळी असते.

एक प्रश्न घेऊ. दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद योग्य रीतीने पाश्चरीकृत केले, तर फॉस्फेटेज आणि पेरॉक्सिडेज या दोन चाचण्यांचे निकाल काय येतील? चार पर्याय म्हणजे होकारार्थी-नकारार्थीच्या चार जोड्या. अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर या तापमानाला नष्ट होते आणि म्हणूनच ते पाश्चरीकरणाची खूण मानले जाते. त्यामुळे फॉस्फेटेज होकारार्थी दाखवणाऱ्या दोन्ही जोड्या लगेच जातात. तुम्ही अडकता ते इथेच. उरलेल्यांपैकी 'दोन्ही नकारार्थी' हा पर्याय ओढून घेतो, कारण भाज्यांच्या ब्लांचिंगमध्ये पेरॉक्सिडेज नष्ट झाले की प्रक्रिया पुरी झाली, असे आपण शिकलेलो असतो. ते खरेच आहे, पण भाजीपुरते. दुधातले लॅक्टोपेरॉक्सिडेज 72 अंशांच्या त्या 15 सेकंदांत टिकून राहते आणि साधारण 80 अंशांच्या वर तापवल्यावरच निष्क्रिय होते. म्हणजे 'दोन्ही नकारार्थी' हे जास्त तापवलेल्या दुधाचे वर्णन झाले आणि उत्तर उरले ते फॉस्फेटेज नकारार्थी, पेरॉक्सिडेज होकारार्थी.

दुसरा नमुना विषबाधेचा. हाताळताना दूषित झालेला खवा बराच वेळ बाहेर राहिला, नंतर चांगला तापवला. तपासणीत जिवंत रोगजंतू सापडले नाहीत, तरीही खाणाऱ्यांना तीन तासांत उलट्या झाल्या. पर्याय: साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, कॅम्पिलोबॅक्टर. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांना आजार घडवायला जिवंत पेशी पोटात जाव्या लागतात, शिवाय लक्षणांना तीन तासांहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून ते दोन्ही बाद. बोट्युलिनमचे नाव 'उष्णतेला दाद न देणारा' म्हणून डोक्यात पक्के बसलेले असते, पण दाद न देणारा असतो तो त्याचा बीजाणू. त्याचे विष उकळल्याने निकामी होते आणि त्याचा परिणाम मज्जासंस्थेवर दिसतो. स्टॅफिलोकोकसचे उलटे आहे: पेशी सहज मरते, विष मात्र उकळूनही टिकते.

आकडेमोडीच्या प्रश्नात हिशोबाआधी दिशा पाहावी. समजा 121 अंशांना बोट्युलिनमच्या बीजाणूंचे डी-मूल्य 0.21 मिनिट आणि झेड-मूल्य 10 अंश दिले आहे, आणि 111 अंशांना बारा-डी प्रक्रियेस लागणारा वेळ विचारला आहे, पर्याय 0.252, 2.52, 25.2 आणि 252 मिनिटे. 121 अंशांना हा वेळ 12 × 0.21 म्हणजे 2.52 मिनिटे होतो. तापमान उतरले की वेळ वाढलाच पाहिजे, म्हणून पहिले दोन पर्याय गेले. तापमान एकाच झेडने उतरले आहे, म्हणजे वेळ दहापट; शंभरपटीसाठी 101 अंशांपर्यंत उतरावे लागले असते. उत्तर 25.2 मिनिटे.

'सर्व', 'कधीच नाही' असे शब्द दिसले की पर्याय चुकीचा समजावा, हा सल्ला मात्र या विषयात जपून वापरावा. 'पाश्चरीकरणाने सर्व बीजाणू नष्ट होतात' हे विधान चूक आहे, पण ते बीजाणूंमुळे चूक आहे, 'सर्व' या शब्दामुळे नव्हे. त्याच विधानात बीजाणूंच्या जागी 'क्षयाचे जंतू' असते, तर पाश्चरीकरणाचा हेतूच तो असल्याने केवळ ठाम शब्दावरून ते खोडणे महागात पडले असते.

दोन पर्याय खरोखर कारणासहित बाद झाले असतील, तर गेटच्या एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नात उरलेल्यांपैकी एक निवडणे परवडते, कारण चुकल्यास एक तृतीयांश गुण जातो आणि बरोबर आल्यास पूर्ण मिळतो. एकाहून अधिक उत्तरे बरोबर असू शकतात अशा प्रश्नांत मात्र एक बरोबर पर्याय सापडला म्हणून बाकीचे बाद करता येत नाहीत. तिथे प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासावे लागते, कारण उणे गुण नसले तरी अर्धवट उत्तराला गुणही मिळत नाहीत.