बिल्डरवर बनवलेली साइट नेमकी कुणाची?

प्रश्न: इतवारीत आमचं साड्यांचं दुकान आहे. एका वेबसाइट बिल्डरवर स्वतःच साइट बनवली. त्यांच्या टर्म्समध्ये लिहिलंय की कंटेंट तुमचाच राहील. म्हणजे पूर्ण साइट आमची झाली ना? उद्या दुसरीकडे न्यायची म्हटलं तर नेता येईल?

उत्तर:

नाही. तुम्ही जे टाकलं ते तुमचं, पण ते ज्या सांगाड्यात दिसतंय तो सांगाडा कंपनीचा. मी नागपुरात दुकानदारांच्या साइट बनवायचं आणि एकीकडून दुसरीकडे हलवायचं काम करतो, आणि हाच गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो, कारण लोक 'कंटेंट तुमचा' एवढं वाक्य वाचून निश्चिंत होतात आणि कंटेंट कशाला म्हटलंय ते बघतच नाहीत.

टर्म्स पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका, मधेच सोडून द्याल. कॉम्प्युटरवर पान उघडा, `Ctrl+F` दाबा आणि `User Content` शोधा, नाही सापडलं तर `Your Content` किंवा `Customer Content`. कुठेतरी त्याची व्याख्या असते, आणि त्यात साधारण तुम्ही अपलोड केलेले फोटो, मजकूर, लोगो, व्हिडिओ एवढंच येतं. मग कंपनीच्या मालकीचा वेगळा परिच्छेद शोधा, त्यासाठी `intellectual property` टाका. तिथं टेम्प्लेट, ले-आउट, कोड, एडिटर, त्यांच्या लायब्ररीतले फोटो असं सगळं सापडेल. म्हणजे साडीचा फोटो तुमचा, पण तो ज्या स्लायडरमध्ये सरकतोय तो स्लायडर त्यांचा. टेम्प्लेटचे रंग बदलले, खोके इकडचे तिकडे केले, रात्र रात्र जागून सजवलं तरी त्या टेम्प्लेटचं तुमच्याकडे फक्त वापरायचं लायसन्स असतं, आणि तेही बहुतेक वेळा तुम्ही त्यांच्याकडे आहात तोवरच.

आता न्यायचं म्हटल्यावर काय होतं ते सांगतो. नागपूरच्या महाल भागातल्या एक ताई सावजी मसाले विकतात, त्यांची साइट एका बिल्डरवर होती, रिन्यूअल परवडेना म्हणून हलवायची ठरली. एक्सपोर्टमधून प्रॉडक्टची सीएसव्ही फाइल, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी यादी, निघाली, नाव किंमत वर्णन सगळं होतं, ताई म्हणाल्या चला झालं काम. फाइल उघडली तर फोटोच्या कॉलममध्ये फोटो नाहीत, फोटोच्या लिंका, आणि त्या सगळ्या त्याच कंपनीच्या सर्व्हरवरच्या. तेव्हाच अकाउंट बंद केलं असतं तर काही दिवसांनी नव्या साइटवर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसले असते. म्हणून आधी एकेक फोटो उतरवून घेतला, मग पुढचं. रेसिपीची पानं कॉपी-पेस्ट करावी लागली. होमपेजचं डिझाइन आलंच नाही, ते नव्यानं बनवलं. आणि वरचा मोठा बॅनर, खोबरं आणि खड्या मसाल्याचा, तो ताईंना फार आवडायचा, पण तो बिल्डरच्या लायब्ररीतला होता आणि लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलं होतं की आमच्यावर बनवलेल्या साइटवरच वापरा. तो काढून टाकला आणि ताईंच्या स्वतःच्या दुकानातला फोटो लावला.

यात कंपनीनं कुठलीही टर्म मोडली नाही हे लक्षात घ्या. मालकी असणं वेगळं आणि उचलून नेता येणं वेगळं, टर्म्स पहिल्याचंच वचन देतात. दुसऱ्याचं उत्तर हेल्प सेक्शनमध्ये मिळतं, तिथं `export` शोधा. विक्स स्वतःच सांगतं की त्यांच्यावरची साइट दुसऱ्या होस्टिंगवर नेऊन चालवता येत नाही. स्क्वेअरस्पेसमधून वर्डप्रेससाठी एक फाइल निघते, पण त्यात सगळ्या प्रकारची पानं येत नाहीत आणि डिझाइन तर नाहीच. वेबफ्लो काही पेड प्लॅनवर कोड देतं, पण तो बाहेर नेल्यावर फॉर्म आपोआप चालत नाहीत. तुमच्या बिल्डरचं काय ते पैसे भरायच्या आधी बघितलेलं बरं, पण आता साइट आहेच तर आज एक्सपोर्ट मारून बघा आणि फाइल उघडून बघा, नुसती डाउनलोड करून ठेवू नका.

आता लायसन्सचा परिच्छेद, ज्याला लोक उगाच घाबरतात. तुम्ही कंपनीला तुमचा कंटेंट जगभर, रॉयल्टी न देता कॉपी करायचा, बदलायचा, दाखवायचा हक्क देता असं लिहिलेलं असतं. याशिवाय साइट चालूच शकत नाही हो, मोबाइलवर फोटो लहान करून दाखवणं हेही कायद्याच्या भाषेत कॉपी आणि बदल झालं. बघायचं ते हे की हा हक्क कशासाठी दिलाय. सर्व्हिस चालवण्यासाठी एवढंच असेल तर ठीक. पुढे `promotional` किंवा `marketing` असेल तर ते तुमची साइट स्वतःच्या जाहिरातीत दाखवू शकतात, नको असेल तर नाही म्हणायची सोय आहे का ते शोधा. आणि `perpetual`, `irrevocable` हे शब्द दिसले तर मात्र थांबा, म्हणजे तुम्ही अकाउंट बंद केलं तरी तो हक्क त्यांच्याकडे राहतो.

साड्यांच्या दुकानाला अजून एक गोष्ट लागू होते, ती कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. त्याच टर्म्समध्ये तुम्ही हमी देता की टाकलेलं सगळं माझं आहे किंवा वापरायची परवानगी आहे. आपल्याकडे बरेच दुकानदार होलसेलरनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले कॅटलॉगचे फोटो सरळ साइटवर टाकतात. साडी विकत घेतली म्हणून फोटो तुमचा होत नाही. तक्रार आली तर बिल्डर ते पान काढू शकतो, वारंवार आली तर अकाउंटच बंद. व्यापाऱ्याकडून 'हे फोटो आमच्या वेबसाइटवर वापरायला परवानगी' असा ईमेल घेऊन ठेवा.

तुम्ही स्वतः पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल तर निवांत राहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर असे फोटो पैसे देऊन ते काढायला सांगणाऱ्याचे असतात. पण साइटचा मजकूर कुणा फ्रीलान्सरकडून लिहून घेतला असेल तर उलटं आहे, पैसे दिले तरी कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच. तो तुमच्या नावावर व्हायला त्याच्या सहीचा कागद लागतो, आणि कलम 19 म्हणतं की कागदात मुदत लिहिली नाही तर 5 वर्षंच धरायची, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून 'सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी' एवढे शब्द त्यात घालून घ्या.

डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, राहिलंच. बिल्डरनं पहिल्या वर्षी फुकट दिलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मालक म्हणून तुमचं नाव आणि तुमचा ईमेल आहे का ते आधी बघा. असेल तर डोमेन नेता येतं, त्यांच्याकडून ट्रान्सफर कोड मागायचा आणि नव्या कंपनीकडे द्यायचा. फक्त .com सारखं डोमेन नवं घेतल्यावर साधारण 60 दिवस हलवता येत नाही. आणि हे बिल्डरचा प्लॅन संपायच्या आधी करा, कारण काही ठिकाणी प्लॅनसोबत अकाउंट बंद होतं आणि मग तो कोड मागायला सपोर्टच्या मागं लागावं लागतं.