गॅलरीचा रेंडर शोरूमसारखा दिसतो, कारण ट्रॅक चुकीच्या जागी आहे

प्रश्न: म्युझियम गॅलरीचा रेंडर करतोय. ट्रॅक लाइट लावलेत, चित्रं डोळ्यांच्या उंचीवर आहेत, भिंती शांत राखाडी आहेत. तरी सगळं फर्निचरच्या शोरूमसारखं का दिसतं?

उत्तर: तुमचा सीन न बघताच सांगतो, आधी ट्रॅक भिंतीपासून किती लांब आहे ते मोजा. मीही हीच चूक करून बसलो होतो.

मी वडोदऱ्यात थ्रीडीची कामं करतो. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर छोटी गॅलरी करायची होती. खोली ४ मीटर रुंद, दोन्ही लांब भिंतींवर चित्रं. वाड्यातल्या काकूंना एकाच ट्रॅकमध्ये काम उरकायचं होतं, म्हणून मी तो खोलीच्या बरोबर मधोमध टाकला आणि दिवे आलटूनपालटून दोन्हीकडे वळवले. प्लॅनमध्ये फार नीटनेटकं दिसलं. रेंडर मात्र तुमच्यासारखाच आला. चित्रांवर आणि भिंतीवर सारखाच उजेड, आणि काच लावलेल्या एका चित्रावर वरच्या कडेजवळ पांढरा डाग.

दिवे ३.१ मीटरवर होते. चित्राचा मध्य मी १.५ मीटरवर धरतो. (साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरच्या दरम्यान तो असावा. चित्रं लहानमोठी असली तरी मध्य एका रेषेत ठेवा, वरच्या कडा जुळवत बसू नका.) म्हणजे दिवा चित्राच्या मध्यापेक्षा १.६ मीटर वर. प्रकाश उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत पडावा असा गॅलरीवाल्यांचा जुना हिशोब आहे. ३० अंशांचा टॅन ०.५८, त्याला १.६ ने गुणलं की ९२ सेंटिमीटर. ट्रॅक भिंतीपासून एवढ्याच अंतरावर हवा होता आणि माझा होता २ मीटरवर, म्हणजे कोन ५० अंशांच्या पुढे.

याने काय बिघडतं ते डागावरूनच बघा. चित्र १.२ मीटर उंच, म्हणजे वरची कड २.१ मीटरवर. कॅमेरा १.५ मीटर उंचीवर ठेवून चित्रापासून १ मीटरवर आणला. काच आरसा आहे असं धरा आणि त्यात दिवा कुठे दिसेल ते काढा. ट्रॅक २ मीटरवर असताना दिवा २.०३ मीटर उंचीवर दिसतो, म्हणजे चित्राच्या आत, वरच्या कडेखाली ७ सेंटिमीटरवर. तो पांढरा डाग हाच. ट्रॅक ९२ सेंटिमीटरवर आणला की तोच दिवा २.३३ मीटरवर जातो, चित्राच्या बाहेर, कोऱ्या भिंतीवर. तिथे काच नाही, त्यामुळे डागही नाही. सॅम्पल वाढवून हा डाग जाणार नाही, रफनेस चढवला तर तो फक्त पसरेल. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या आहेत.

सावलीचंही तसंच. कोणी चित्राच्या अर्ध्या मीटरपर्यंत वाकून बघायला आलं, तर मधल्या ट्रॅकमुळे त्याच्याच डोक्याची सावली चित्राच्या खालच्या भागावर पडते. रेंडरमध्ये माणसं टाकाल तेव्हा हे लगेच दिसेल.

पण म्हणून ट्रॅक भिंतीला चिकटवूही नका. ४ सेंटिमीटर खोल फ्रेम असेल तर ९२ सेंटिमीटरवरच्या दिव्याने चित्राच्या वरच्या भागावर साडेचार सेंटिमीटरची सावली पडते, ती छान दिसते, फ्रेमला जडपणा येतो. ट्रॅक ४० सेंटिमीटरवर आणला तर तीच सावली ११ सेंटिमीटर होते आणि चित्रातलं आभाळ खाऊन टाकते. शिवाय उजेड भिंतीला घासून जातो, त्यामुळे प्लास्टरचं बारीकसं बम्पसुद्धा खडबडीत डोंगरासारखं दिसतं.

आता भिंत. "शांत" म्हणजे पांढरी असं समजून लोक Base Color ०.९५ ठेवतात. तेवढ्या भिंतीवरून उजेड खोलीभर उसळत राहतो आणि ट्रॅकच्या झोताला काही अर्थच उरत नाही. शोरूमचा भास इथूनही येतो. मी #C8C8C8 घेतला, म्हणजे प्रत्यक्ष परावर्तन सुमारे ०.५८. झोत भिंतीवर नीट वाचता येऊ लागला. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: राखाडी भिंत रेंडरमध्ये राखाडी राहतेच असं नाही. माझी जमीन सागवानी होती, तिच्यावरून उसळलेल्या उजेडाने भिंतीचा खालचा हातभर पट्टा चक्क केशरी झाला होता. मला तो दिसलाच नव्हता, काकूंनी विचारलं, "खाली ओल आलीय का रे?" भिंतीच्या वरच्या आणि खालच्या भागाचा रंग उचलून बघा, लाल आणि निळ्यात बराच फरक असेल तर जमिनीच्या रंगाचं सॅच्युरेशन कमी करा.

चित्रांच्या टेक्सचरमध्ये आणखी एक खड्डा आहे. चित्र उठून दिसावं म्हणून त्याला एमिशन देऊ नका; ते लगेच टीव्हीसारखं दिसतं आणि दिव्याचा त्याच्याशी संबंधच तुटतो. फोटो तसाच Base Color मध्ये जोडा, पण आधी ०.८ ने गुणा, कारण फोटोतला पांढरा १.० असतो आणि खरा कागद किंवा रंग एवढा पांढरा नसतो. ब्लेंडरमध्ये View Transform AgX वर असेल तर चित्राचे रंग थोडे धुतल्यासारखे वाटतात. ती टेक्सचरची चूक नाही, तुलनेसाठी एकदा Standard वर टाकून खात्री करा. काचेचं वेगळं पान मॉडेल करू नका, सायकल्समध्ये ते दिव्याचा थेट उजेड अडवतं आणि मागचं चित्र काळवंडतं. चित्राच्या मटेरिअललाच Coat द्या, काम होतं. आणि हो, स्पॉटचा कोन अरुंद केला म्हणून तो ब्लेंडरमध्ये जास्त प्रखर होत नाही. झोत फक्त कापला जातो.

तैलचित्रावरचा वार्निशचा चमका कसा हलतो हे पडद्यावर समजत नसेल, तर वडोदऱ्याच्या फत्तेसिंह म्युझियममध्ये जा. राजा रविवर्मांच्या एखाद्या चित्रासमोर उभे राहा आणि दोन पावलं डावीउजवीकडे सरका. परत येऊन Coat चा रफनेस लावा. हे मी शंभर ट्युटोरियलपेक्षा जास्त मानतो.

शेवटी काकूंशी एकाच गोष्टीवर वाद झाला. तैलचित्रांना साधारण २०० लक्स चालतात, पण जलरंग आणि कागदावरच्या कामांना ५० च्या आसपासच ठेवतात, कारण उजेडाने ते विटतात. मी रेंडरमध्ये ते प्रमाण तसंच ठेवलं होतं, म्हणून तैलचित्राशेजारचं त्यांच्या वडिलांचं जलरंगातलं सूरसागर तलावाचं चित्र अंधारात गेल्यासारखं दिसत होतं. त्या म्हणाल्या, दिवा वाढव. मी दिवा वाढवला नाही, सगळे जलरंग आतल्या आखूड भिंतीवर नेले, जिथे शेजारी एकही तैलचित्र नाही. दिवा तोच, ५० लक्सचा. दुसरा रेंडर बघून त्यांनी विचारलं, "वाढवलास ना शेवटी?"