पंचवीस हजारांची वजावट की वीस टक्क्यांचा वाटा?

"मी पहिल्यांदाच आरोग्य विमा घेते आहे. एजंटने पाच लाखांच्या दोन योजना दिल्या आहेत. एकीत पंचवीस हजारांचे डिडक्टिबल आहे, दुसरीत वीस टक्के को-पेमेंट. हप्ता जवळपास सारखाच आहे. दोन्हींत थोडे पैसे आपणच भरायचे, तर मग फरक काय? कोणती घ्यावी?"

हा प्रश्न घेऊन नाशिकमधील एका खासगी शाळेतील शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. घरात त्या, त्यांचे पती, आठ वर्षांची मुलगी आणि बासष्ट वर्षांच्या सासूबाई. डिडक्टिबलचे पंचवीस हजार पाच लाखांतून वजा होतात आणि हाती पावणेपाच लाखांचाच विमा उरतो, अशी त्यांची समजूत होती. हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा दोष मी 'वजावट' या शब्दालाच देते. प्रत्यक्षात ही रक्कम दाव्यातून वजा होते. रुग्णालयाच्या बिलातील जो भाग विमा कंपनी मान्य करते, त्यातील पहिले पंचवीस हजार आपले आणि त्यापुढचे कंपनीचे. को-पेमेंटमध्ये मात्र पहिल्या रुपयापासून भागीदारी असते, म्हणजे मान्य रकमेच्या प्रत्येक शंभर रुपयांतील वीस आपले आणि ऐंशी कंपनीचे. विमा नियामकाच्या व्याख्येप्रमाणे या दोन्हींमुळे मूळ विमा रक्कम कमी होत नाही.

मी त्यांना कागदावर तीन बिले मांडायला सांगितली. मुलीला डेंग्यू होऊन चार दिवस ठेवावे लागले आणि मान्य रक्कम ४०,००० रुपये झाली, तर डिडक्टिबलच्या योजनेत त्यांना २५,००० भरावे लागतील, को-पेमेंटच्या योजनेत फक्त ८,०००. मान्य रक्कम १,२५,००० झाली, तर दोन्हींत त्यांचा वाटा बरोबर २५,००० येतो. पण हृदयावरील उपचारासारख्या खर्चात मान्य रक्कम ५,००,००० पर्यंत गेली, तर पहिल्या योजनेत वाटा २५,००० वरच थांबतो आणि दुसरीत तो १,००,००० होतो. मधला आकडा काढणे सोपे आहे: डिडक्टिबलच्या रकमेला को-पेमेंटच्या टक्क्यांच्या आकड्याने भागायचे आणि शंभराने गुणायचे. त्या आकड्याखालच्या बिलांत को-पेमेंट स्वस्त पडते आणि त्यावरच्या बिलांत डिडक्टिबल.

"पण आमच्याकडे लहान बिलेच जास्त होतात," असे त्या म्हणाल्या. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, पण आठ हजार किंवा पंचवीस हजार त्या बचतीतून उभे करू शकत होत्या. अचानक लाख रुपये उभे करायचे तर दागिने गहाण ठेवावे लागले असते, हे त्यांनीच थोड्या वेळाने सांगितले. म्हणून त्या तिघांसाठी मी डिडक्टिबलच्या बाजूने झुकले. आपला वाटा आधीच ठाऊक असेल तर तेवढी रक्कम मुदत ठेवीत बाजूला ठेवता येते. टक्क्यांत ठरणारा वाटा मात्र बिल हातात पडेपर्यंत कळत नाही.

तरीही एक गोष्ट पाहिल्याशिवाय होकार देऊ नका, असे मी त्यांना बजावले. डिडक्टिबल वर्षातून एकदाच मोजले जाते की प्रत्येक दाव्याला नव्याने, हे कोटेशनच्या पहिल्या पानावर सहसा नीट लिहिलेले नसते. समजा, एकाच वर्षात २०,००० आणि ४०,००० असे दोन मान्य दावे झाले. वर्षाची बेरीज धरणारे, म्हणजे 'ॲग्रिगेट' डिडक्टिबल असेल, तर एकूण साठ हजारांतून पंचवीस हजार एकदाच जातात आणि कंपनी ३५,००० देते. प्रत्येक दाव्याला वेगळे असेल, तर पहिल्या दाव्यात काहीच मिळत नाही आणि दुसऱ्यात फक्त १५,००० मिळतात. एजंटने फोनवर "एकदाच हो, मॅडम" असे सांगितले होते. मी ते ईमेलवर लिहून मागायला लावले. पॉलिसीसोबत जे ग्राहक माहितीपत्रक येते, त्यात डिडक्टिबल आणि को-पेमेंट यांची नोंद असते. तेथे वेगळे काही आढळले, तर पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते.

सासूबाईंचे गणित वेगळे होते. एजंटने त्यांनाही याच कौटुंबिक पॉलिसीत घालण्याचे सुचवले होते. कौटुंबिक पॉलिसीचा हप्ता बहुधा घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या वयावर ठरतो, त्यामुळे तो चौघांसाठी बराच वाढत होता. आम्ही त्यांची पॉलिसी वेगळी ठेवली. साठीनंतर पहिल्यांदा विमा घेणाऱ्यांना अनेक योजनांत को-पेमेंट सक्तीचे असते आणि ज्या योजनेत ते नव्हते, तिचा हप्ता या घराला झेपणारा नव्हता. त्यामुळे वीस टक्के को-पेमेंट डोळसपणे स्वीकारले. नाशिकच्या दराने घेतलेल्या काही योजनांत मुंबईत उपचार घेतल्यास आणखी वेगळे को-पेमेंट लागते. या योजनेत ते नाही, याची खात्री मात्र आधी करून घेतली.

आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. सासूबाईंना न्यूमोनिया झाला होता, उपचार कॅशलेस झाले होते आणि तरीही घरी सोडताना रुग्णालय पैसे मागत होते. बिल १,४२,६०० रुपयांचे होते. त्याच्या वीस टक्क्यांचा, म्हणजे २८,५२० रुपयांचा, हिशेब त्यांनी मनात धरला होता आणि काउंटरवर एकूण ३४,६०० सांगितले जात होते. "ताई, यांनी सहा हजार जास्त लावले," असे त्या रागाने म्हणाल्या. मी त्यांना विमा कंपनीचे मंजुरीपत्र वाचून दाखवायला सांगितले. हातमोजे, नोंदणी शुल्क आणि अशाच किरकोळ वस्तूंचे ७,६०० रुपये कंपनीने अमान्य केले होते. ते पूर्णपणे रुग्णाचे. उरलेल्या १,३५,००० रुपयांच्या वीस टक्के म्हणजे २७,००० रुपये को-पेमेंट. दोन्ही मिळून ३४,६००, आणि कंपनीने दिले १,०८,०००. हिशेब बरोबर होता. चूक एवढीच की टक्केवारी त्यांनी पूर्ण बिलावर लावली होती आणि अमान्य रक्कम धरलीच नव्हती. कॅशलेस म्हणजे कंपनी आपला हिस्सा थेट रुग्णालयाला देते. रुग्णाचा हिस्सा त्याने माफ होत नाही, हे मी आधीच्या भेटीत पुरेसे ठसवले नव्हते, ही माझी उणीव.

भरती करताना घेतलेले ३०,००० रुपये अनामत बिलात वळते झाले, उरलेले ४,६०० त्यांनी भरले आणि सही-शिक्क्याच्या पावत्या घेऊन त्या संध्याकाळी सासूबाईंना घरी घेऊन गेल्या.